प्रबंधानंतरचं पत्र

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात सादर होण्याआधी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. दुसऱ्याचा मजकूर त्यात किती उतरला आहे, ते टक्क्यांत समोर येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं जातं आणि त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. याच नियमांनी प्रबंधातले काही भाग तपासणीतून वगळले आहेत. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश हे त्यांतले. म्हणजे अख्ख्या प्रबंधात ऋणनिर्देशाची दोन-तीन पानं अशी असतात, की ती दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलली तरी आकडा वाढत नाही.

त्याचा परिणाम दिसतो. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात कोणालाही वाचता येतात. तिथले कुठल्याही विषयाचे काही मराठी प्रबंध उघडून फक्त ऋणनिर्देश वाचले, तर एकच माणूस सगळ्यांसाठी लिहीत असावा असं वाटतं. मार्गदर्शक प्रत्येक वेळी ‘अमूल्य’ मार्गदर्शन करतात, ‘वेळोवेळी’ प्रोत्साहन देतात आणि त्यांच्याविना प्रबंध पूर्ण होणं ‘केवळ अशक्य’ असतं. एरवी प्रत्येक विधानाला तळटीप देणारा संशोधक इथे एकाही विधानाला आधार देत नाही.

यात विद्यार्थ्याचा दोष मी मानत नाही. ऋणनिर्देश सगळ्यात शेवटी लिहिला जातो, बहुतेक वेळा बांधणीवाला प्रती मागत असताना. त्यात विभागप्रमुख, प्राचार्य, ग्रंथपाल आणि कार्यालयीन कर्मचारी यांची नावं हुद्द्याच्या क्रमानं यावी लागतात. शिवाय तो परीक्षकही वाचणार असतात. त्या पानावर मोकळेपणानं लिहिण्याची सोय नसते. म्हणून ज्याला आपल्या मार्गदर्शकाला खरोखर काही सांगायचं आहे, त्यानं ते निरोपाच्या पत्रात लिहावं. या लेखाचा विषय तेच पत्र आहे.

आधी पत्राच्या वेळेविषयी. प्रबंध सादर झाला म्हणजे काम संपलं असं घरच्यांना वाटतं, पण नियमांच्या दृष्टीनं मूल्यमापन तिथे सुरू होतं. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. त्यांचे अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा होते. म्हणजे मौखिक परीक्षा पार पडेपर्यंत मार्गदर्शक हे तुमचे परीक्षकही असतात. त्या काळात भारावलेलं पत्र आणि त्यासोबत भेटवस्तू देणं त्यांना अवघडवून टाकतं. सज्जन मार्गदर्शक ती परत करतात आणि मग दोघांनाही वाईट वाटतं. पत्राची योग्य वेळ मौखिक परीक्षेनंतरची. त्यातही पहिले काही दिवस जाऊ द्यावेत, कारण त्या दिवसांत सुटकेचा आनंद इतका असतो की तो पत्रात सगळी जागा व्यापतो.

बऱ्याचदा मार्गदर्शकांची निवृत्ती आणि विद्यार्थ्याची मौखिक परीक्षा मागेपुढे येतात. हा योगायोग नसतो. सेवेची तीन वर्षं उरली नसतील तर मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधीपासून असलेले विद्यार्थी मात्र त्यांच्याकडे राहतात आणि निवृत्तीनंतर ते वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून काम पाहू शकतात. पीएच.डी.ला अभ्यासक्रम धरून किमान तीन वर्षं लागतात आणि सहा वर्षांपर्यंत मुभा असते. त्यामुळे शेवटच्या एक-दोन विद्यार्थ्यांचा प्रबंध आणि सरांचा किंवा मॅडमचा निरोप समारंभ एकाच हंगामात येतो. अशा वेळी विद्यार्थी दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. सहकाऱ्यांनी, संस्थेनं दिलेला निरोप हा त्यांच्या सबंध नोकरीला असतो. तुमचं पत्र त्यांनी तुमच्यासोबत केलेल्या कामाविषयी असतं. पस्तीस वर्षांच्या सेवेचा आढावा तुम्ही घेऊ नये. त्यातली फार तर पाच वर्षं तुम्ही पाहिलेली असतात.

आता एक उदाहरण रचून पाहू. समजा, अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी आहे. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात शिकवता शिकवता तिनं पीएच.डी. केली. पहिल्यांदा तिनं विषय आणला तो ‘पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण बाजारपेठा’. मॅडमनी विचारलं, यातले किती बाजार तू स्वतः पाहणार आहेस? त्या एका प्रश्नानं विषय एका तालुक्यातल्या चार आठवडी बाजारांवर आला. त्यांचं निरीक्षण वर्षभर करायचं ठरलं, म्हणजे सुगी, पावसाळा आणि गावची यात्रा असे तिन्ही काळ त्यात येतील.

तिनं प्रश्नावली तयार केली आणि चाचणी म्हणून ३० विक्रेत्यांकडून भरून घेतली. दिवसाची कमाई या रकान्यात जवळपास सगळीकडे पाचशे किंवा हजार असे गोल आकडे आले. मॅडमनी ते कागद पाहिले आणि विचारलं, हातात फाइल होती का? फाइल होती. हातात फाइल घेऊन पैशांविषयी विचारणारा माणूस बाजारात वसुलीवाला ठरतो, आणि वसुलीवाल्याला कोणी खरी कमाई सांगत नाही. मग पद्धत बदलली. कमाई विचारायची नाही. सकाळी पाटीत किती जुड्या आल्या, संध्याकाळी किती परत चालल्या, नऊ वाजता भाव काय होता आणि पाच वाजता काय, एवढं मोजायचं. त्यावरून कमाईचा अंदाज निघतो आणि तो तोंडी आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचा असतो.

पुढचा टप्पा विक्रेत्यांच्या संख्येचा. आठवडी बाजारातल्या जागेची फी वसूल करण्याचं काम ग्रामपंचायत पुष्कळ ठिकाणी लिलावानं ठेकेदाराला देते आणि त्याची माणसं पावत्या फाडत फिरतात. आमच्या विद्यार्थिनीनं त्या पावत्यांवरून विक्रेते मोजले. तक्ता नीटस झाला. मॅडमकडून तो परत आला तेव्हा खाली पेन्सिलीनं एकच ओळ होती: ‘पावती न घेणारे कुठे बसतात?’ त्या प्रश्नाच्या मागे जाताना तिला बाजाराच्या कडेला बसणाऱ्या, थोडा माल आणून लवकर उठणाऱ्या बायका दिसल्या, ज्यांची नोंद कोणत्याच कागदात नव्हती. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यांच्यावर झालं.

एका बाबतीत दोघींचं जुळलं नाही. चौथ्या बाजाराच्या पावसाळ्यातल्या नोंदी तुटक होत्या, कारण ओढ्याला पाणी आलं की तिकडचा रस्ता बंद व्हायचा. तो बाजार वगळावा असं मॅडमचं मत होतं. हिनं तो ठेवला आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट लिहिल्या.

मौखिक परीक्षा झाली. मॅडम मे महिन्यात निवृत्त होणार आहेत. विद्यार्थिनी पत्र लिहायला बसते आणि पहिला खर्डा असा उतरतो:

‘आदरणीय मॅडम, आपण माझ्यासाठी केवळ मार्गदर्शक नसून ज्ञानाचा अथांग सागर आहात. आपल्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय हा प्रबंध पूर्ण होणे केवळ अशक्य होते. आपण वेळोवेळी केलेल्या सूचना मला दीपस्तंभासारख्या उपयोगी पडल्या. आपले ऋण मी सात जन्मांतही फेडू शकणार नाही. आपल्या पुढील आयुष्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.’

यातला भाव खरा आहे याविषयी मला शंका नाही. पण हेच पत्र रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आपल्या सरांना पाठवलं तरी एकही शब्द बदलावा लागणार नाही. खर्डा पारखायची सोपी रीत आहे. मॅडम प्रबंधाची प्रकरणं जशी वाचायच्या, तसं हे पत्र त्यांच्या नजरेनं वाचायचं आणि समासात त्यांनी काय लिहिलं असतं ते स्वतःच लिहायचं. ‘अमूल्य मार्गदर्शन’ यापुढे त्यांनी लिहिलं असतं: उदाहरण? ‘वेळोवेळी केलेल्या सूचना’ यापुढे: कोणत्या, कधी? ‘केवळ अशक्य’ यापुढे: कशावरून? पाच वर्षं ज्यांनी आपल्याला आधाराशिवाय विधान करू दिलं नाही, त्यांचे आभार मानतानाच आधार सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. आभार हेही एक विधान आहे आणि या वाचकाला त्याचा पुरावा लागतो.

पुरावा जमवायला आठवणींवर विसंबू नये. आठवण भावनेचा रंग ठेवते, तपशील गाळते. मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या असलेल्या जुन्या प्रती काढाव्यात. ई-मेल, मोबाइलवरचे निरोप, दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे ठेवलेले प्रगती अहवाल चाळावेत. क्षेत्रकाम केलं असेल तर नोंदवही त्यांच्याशी ताडून पाहावी. एखाद्या सूचनेची तारीख आणि त्यानंतरच्या नोंदींत झालेला बदल शेजारी ठेवला की कळतं, नेमकं कुठे काम वळलं. असं करताना एक गोष्ट हमखास आढळते. ज्या सूचनेमुळे तेव्हा सगळ्यात जास्त राग आला होता, तीच बहुतेक वेळा पत्रात जायच्या लायकीची असते. आणि ज्या गोष्टीबद्दल आपण आभार मानणार होतो, उदाहरणार्थ त्यांनी दिलेली पुस्तकं, ती ग्रंथालयातही मिळाली असती.

दुसरं, मार्गदर्शकांना काय माहीत नाही याचा विचार करावा. त्यांना प्रकरणं दिसतात, तक्ते दिसतात. त्यांची एक ओळ वाचून विद्यार्थ्यानं दुसऱ्या दिवशी काय केलं, हे त्यांना दिसत नाही. माझ्या मते निरोपाच्या पत्राची खरी जागा इथे आहे. त्यांनी केलेल्या गोष्टी त्यांनाच परत सांगून फारसं काही होत नाही. त्या गोष्टींचं पुढे काय झालं, ते फक्त विद्यार्थीच सांगू शकतो.

हे मनात धरून तीच विद्यार्थिनी पुन्हा लिहायला बसली, तर पत्र असं होऊ शकेल:

‘आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मौखिक परीक्षेच्या दिवशी तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही. परीक्षकांना गाडी गाठायची होती, माझ्या घरचे आले होते. म्हणून हे पत्र.

परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न चौथ्या प्रकरणावर विचारले. ते प्रकरण माझ्या आराखड्यात नव्हतं. पावत्यांचा तक्ता तुमच्याकडून परत आला तेव्हा त्याखाली तुम्ही लिहिलं होतं, “पावती न घेणारे कुठे बसतात?” मी पुढच्या बाजारी वसुलीवाल्याच्या मागे न जाता एसटी स्टँडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मेथी-शेपूच्या थोड्या जुड्या नाहीतर डझनभर अंडी घेऊन बायका सकाळीच येऊन बसल्या होत्या. पावतीवाला त्या टोकाला पोहोचायच्या आत त्यातल्या निम्म्या माल विकून घराकडे निघाल्या. तोवर मी ज्याला बाजार समजत होते, तो फक्त पावती फाटणारा बाजार होता.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. पहिल्या तीस प्रश्नावल्या तुम्ही बाजूला ठेवायला सांगितल्यात, त्या आठवड्यात मी बाजारात गेलेच नाही. नंतर गेले ती फाइल न घेता. मिरच्या विकणाऱ्या एका आजीशेजारी नुसती बसून राहिले. दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर तिनंच विचारलं, काय लिहितेस गं रोज? मी सांगितलं. तेव्हा तिनं पाटी उलटी करून उरलेला माल मला मोजून दाखवला. आता आमच्या कॉलेजातली मुलं पाहणीला निघतात तेव्हा मी त्यांच्या फाइली आधी काढून घेते.

चौथ्या बाजाराबद्दल तुमचं म्हणणं मी ऐकलं नाही. परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. तुम्ही मध्ये बोलला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता, पण तुम्ही मला उत्तर देऊ दिलंत. त्यासाठी मी तुमची फार आभारी आहे.

बाजाराच्या सगळ्या नोंदी मी विक्रेत्यांची नावं काढून स्वच्छ लिहून काढते आहे. एक प्रत विभागाला देईन, एक तुम्हाला. दिवाळीनंतर पुन्हा एसटी स्टँडच्या त्या टोकाला जाणार आहे. तिथला रस्ता रुंद होतोय; बायका कुठे सरकल्या ते पाहायचं आहे. लिहून झालं की पाठवीन, सवडीनं वाचा.

तुमची विद्यार्थिनी’

पत्र एका कागदाच्या दोन्ही बाजूंत मावतं. त्याहून मोठं करायची गरज नसते. प्रबंधात जे जे घडलं ते सगळं सांगायला गेलं की पत्र अहवालासारखं वाचलं जातं. इथे तिनं मोजके प्रसंग घेतले आणि साहित्याचा आढावा साठ पानांवरून वीस पानांवर आणणं, इंग्रजी सुधारून घेणं, अर्जांवर वेळेत सह्या मिळणं, हे सगळं सोडून दिलं. या गोष्टींना किंमत नाही असं नव्हे. पण त्या पत्रात आल्या असत्या तर त्या एका पेन्सिलीच्या ओळीला जागा उरली नसती.

मतभेदाचा उल्लेख असावा का, यावर माझ्या ओळखीतल्या काही प्राध्यापकांचं मत माझ्याहून वेगळं आहे. निरोपाच्या वेळी जुनं कशाला उकरायचं, असं ते म्हणतात. मला मात्र तो परिच्छेद या पत्रातला सगळ्यात आदराचा वाटतो. पीएच.डी.चं प्रशिक्षण शेवटी कशासाठी असतं? विद्यार्थ्याला आपल्या निर्णयाची जबाबदारी घेऊन परीक्षकांपुढे उभं राहता यावं यासाठी. ते साधलं याचा दाखला मार्गदर्शकाशी झालेल्या मतभेदाइतका दुसरा कुठला असणार? अट एकच, की त्यात मी बरोबर ठरले असा सूर नको. तिनं तो लावलेला नाही. परीक्षकांनी शंका घेतली हेही सांगून टाकलं आहे.

संबोधनाविषयी थोडं. समोरासमोर ‘तुम्ही’ म्हणणारी विद्यार्थिनी पत्रात एकदम ‘आपण’ आणि ‘आपल्या चरणी’वर गेली की मॅडमना ते दुसऱ्याच कुणाचं पत्र वाटेल. पाच वर्षं जे बोललो तेच लिहावं. ‘वडिलांसारखे’, ‘आईच्या मायेनं’ ही जवळीकही जपून वापरावी. काही मार्गदर्शकांच्या घरी विद्यार्थी जेवलेले असतात, आजारपणात त्यांनी डबे पाठवलेले असतात. तिथे सरळ डब्याविषयी लिहावं. नातं जोडण्याची घाई केली की मार्गदर्शन हे स्वतःच एक पुरेसं नातं आहे, ते झाकलं जातं.

आता अवघड बाजू. सगळ्यांना अशा मॅडम मिळत नाहीत. प्रकरणं महिनोन् महिने न वाचणारे, स्वतःची कामं विद्यार्थ्यांकडून करून घेणारे, लेखावर काम न करता पहिलं नाव लावणारे मार्गदर्शकही असतात. त्यांना निरोपाचं पत्र लिहिण्याची सक्ती कोणत्याही नियमात नाही. तरी विभागातल्या रिवाजामुळे किंवा पुढे भेटीगाठी होणार म्हणून लिहावं लागतं. तेव्हा पत्र छोटं करावं, खोटं करू नये. खरी असलेली एक गोष्ट शोधावी. ‘हा विषय विभागात नवा होता, तरी तुम्ही नोंदणीच्या वेळी समितीपुढे त्याची बाजू घेतलीत. त्यामुळे मला हे काम करता आलं. पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा.’ एवढ्यावर थांबलेलं पत्र मला स्वाभिमानाचं वाटतं. तक्रार मात्र या पत्रात घालू नये. ती खरी असेल तर तिच्यासाठी विद्यापीठाच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे लेखी अर्ज करावा; निरोपाच्या पत्रात तिची दखल घेतली जात नाही आणि पत्रही वाया जातं.

कधी निरोपाचं पत्र लिहायला माणूसच उरत नाही. महाराष्ट्राच्या समाजशास्त्राचा पाया घालणारे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे संशोधन करत होते. जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले आणि घुर्यांनी आपलं काम ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरं केलं. मार्गदर्शक मध्येच बदलण्याची वेळ आजही पुष्कळांवर येते, कधी मृत्यूमुळे, जास्त करून बदलीमुळे किंवा निवृत्तीमुळे. अशा प्रबंधाच्या पहिल्या पानावर एकाच मार्गदर्शकाचं नाव ठळक दिसतं. आधीच्या व्यक्तीला, किंवा ती हयात नसेल तर तिच्या घरच्यांना, पत्र जरूर जावं. घरच्यांना लिहिताना संशोधनाची परिभाषा बाजूला ठेवून सांगावं, की सरांनी सुचवलेला अमुक प्रश्न प्रबंधाच्या अमुक प्रकरणात आहे. सोबत त्या प्रकरणाची प्रत द्यावी. आपल्या माणसाचं काम त्याच्यानंतर कुठे पोहोचलं, हे घरच्यांना सांगणारं दुसरं कोणी नसतं.

निरोप समारंभातलं भाषण हा वेगळा प्रकार आहे आणि पत्र तिथे वाचून दाखवू नये. शाल-श्रीफळ, मानपत्र, संस्थाचालकांची भाषणं यांनंतर विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलणाऱ्याला जेमतेम तीन मिनिटं मिळतात आणि समोरच्यांचं लक्ष जेवणाकडे लागलेलं असतं. तीन मिनिटांत एकच प्रसंग बसतो. वरच्या पत्रातला पाटी उलटी करणाऱ्या आजीचा प्रसंग सभेत सांगता येईल. कोणालाही कळेल असा तो आहे. चौथ्या बाजाराचा मतभेद सांगता येणार नाही, कारण सभेत तो सहकाऱ्यांच्या कानावर वेगळ्या अर्थानं पडेल. ज्या गोष्टीला चार भिंती लागतात ती पत्रात ठेवावी.

विद्वानांच्या जगात निरोपाची आणि गौरवाची आणखी एक रीत आहे आणि आपल्याकडे ती चांगली रुजली होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ८० वर्षं पूर्ण झाली तेव्हा, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावानं प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालं आणि त्याच वर्षी त्यांना एक गौरवग्रंथ अर्पण झाला. घुर्यांच्या गौरवाचा ग्रंथ १९५४ साली मुंबईत निघाला; त्याचे संपादक के. एम. कापडिया हे घुर्यांच्याच विभागातले समाजशास्त्रज्ञ होते. या ग्रंथांचं वैशिष्ट्य असं, की त्यांतला मोठा भाग गौरवमूर्तीच्या स्तुतीचा नसतो. लिहिणारे आपापल्या विषयावरचा ताजा शोधलेख देतात. ज्या माणसानं पुरावा तपासायला शिकवलं, त्याच्यापुढे तपासलेला पुरावा ठेवायचा, अशी ही पद्धत. अलीकडच्या पुष्कळ गौरवग्रंथांत मात्र आठवणी आणि छायाचित्रं यांचीच पानं वाढली आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं. निवृत्त होणाऱ्या अभ्यासकाला आपल्या विद्यार्थ्याचा एखादा नवा निष्कर्ष वाचायला मिळावा, यात जो मान आहे तो रंगीत पानांत नाही.

एकट्या विद्यार्थ्याला गौरवग्रंथ काढता येत नाही, पण त्याच रीतीची छोटी आवृत्ती त्याच्या हातात असते. आपल्या उदाहरणातली विद्यार्थिनी बाजाराच्या नोंदी स्वच्छ करून देणार आहे, ती ही आवृत्ती. मानव्यविद्यांमधल्या पीएच.डी.च्या कच्च्या नोंदी सहसा विद्यार्थ्याच्या कपाटात राहतात आणि काही वर्षांत वाळवीच्या नाहीतर रद्दीवाल्याच्या हाती लागतात. प्रबंध शोधगंगेवर चढतो. ज्यावर तो उभा आहे त्या नोंदवह्या कुठेच चढत नाहीत. त्यांची एक जुळवलेली प्रत, कोणता रकाना कशाचा हे सांगणाऱ्या एका पानासह, विभागाला मिळाली तर मॅडमनंतर येणाऱ्या मार्गदर्शकाचा विद्यार्थी दहा वर्षांनी त्याच बाजारांत जाऊन तुलना करू शकेल. लोकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकणं तिथे आवश्यक आहे, कारण विक्रेत्यांनी माहिती दिली ती त्या विद्यार्थिनीला.

पत्र हातानं लिहिलं की छापून दिलं याला फार महत्त्व नाही. अक्षर वाचता येत असेल तर हातानं लिहावं. ते विभागाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. तिथे त्याखाली फुलांची आणि हात जोडल्याची चिन्हं जमतात आणि मॅडमना सगळ्यांना मिळून धन्यवाद म्हणावं लागतं. पत्रासोबत प्रबंधाची बांधलेली प्रत देणार असाल, तर ज्या पानावर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे त्या पानात एक चिठ्ठी ठेवावी. नोकरीसाठी शिफारसपत्र, पुढच्या प्रकल्पासाठी सही, लेख छापून आणण्यासाठी ओळख, यांतलं काहीही हवं असेल तर ते या पत्रात मागू नये, शेवटच्या ओळीतही नाही. ते काम निकडीचं असेल तर त्यासाठी आधीच वेगळा ई-मेल करावा, निकडीचं नसेल तर महिनाभर थांबावं.